खात्यातली शिल्लक आणि खर्चाला मोकळी रक्कम: नव्या सभासदांस खजिनदाराचे पत्र

इंदूर

मंडळाच्या सर्व नव्या सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या महाविद्यालयाच्या मराठी मंडळात तुम्ही या वर्षी दाखल झालात आणि प्रत्येकी ५०० रुपये वर्गणी भरलीत. त्या पैशांचा हिशेब ठेवण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आहे. पहिल्या सभेत तुमच्यापैकी तिघांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. खात्यात पैसे आहेत, कोजागरी जवळ येत आहे, मग अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत कशासाठी थांबायचे? प्रश्न रास्त होता आणि मी सभेत घाईघाईने दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. यात गेल्या वर्षीचा आपलाच हिशेब आकड्यांसह मांडते, कारण थांबण्याचे कारण त्या आकड्यांतच आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मंडळाच्या खात्यात ४१,००० रुपये होते. त्यांपैकी ९,००० आदल्या वर्षीचे शिल्लक होते आणि ६४ सभासदांची वर्गणी मिळून ३२,००० जमा झाले होते. मंडळाने वर्षभरात तीन गोष्टी करायच्या ठरवल्या: सभासदांसाठी टीशर्ट, कोजागरीचा कार्यक्रम आणि २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाला, शहरातील एका सभागृहात एकांकिकेचा प्रयोग. तिन्हींसाठी तीन समित्या झाल्या. किती खर्च येईल याचा अंदाज प्रत्येक समितीच्या डोक्यात होता, पण तिन्ही अंदाज एका कागदावर शेजारी शेजारी कधीच आले नाहीत. मी कोजागरी समितीत होते.

टीशर्ट समितीने सर्वांत आधी काम सुरू केले. २६० रुपयांचा एक याप्रमाणे ७० टीशर्ट सांगितले गेले, त्यांचे १८,२०० झाले आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ९,१०० रुपये आगाऊ दिले गेले. त्याच सुमारास नाट्यसमितीने फेब्रुवारीसाठी ध्वनी आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला १६,००० रुपयांत ठरवले आणि ४,००० रुपये बयाणा दिला. (इकडे आपण सगळे बयाणाच म्हणतो, घरातली वडील माणसे विसार किंवा इसार म्हणतात. गोष्ट एकच.) आता पासबुकात २७,९०० रुपये दिसत होते.

आमच्या समितीने ऑक्टोबरच्या सुरुवातीला पासबुक पाहिले आणि २७,९०० वाचले. कोजागरीला दूध, सुका मेवा, भेळ, अंगणातली रोषणाई आणि भाड्याच्या सतरंज्या मिळून ७,५०० रुपये लागणार होते. सत्तावीस हजारांतून साडेसात हजार हा आम्हाला माफक खर्च वाटला, आणि आम्ही तो केला. कोणी उधळपट्टी केली नाही, सुका मेवासुद्धा सियागंजातून भाव करून आणला होता. तरीही तो खर्च करताना आमच्याकडे ७,५०० रुपये नव्हतेच.

हे कसे, ते नीट पाहा. त्या २७,९०० रुपयांतले ९,१०० टीशर्टवाल्याला देणे होते, फक्त ते द्यायची तारीख यायची होती. १२,००० ध्वनी-प्रकाशवाल्याला देणे होते, त्याचीही तारीख यायची होती. दोन्ही मिळून २१,१०० रुपये आपण शब्द देऊन आधीच खर्च केले होते. ते वजा केले तर मोकळे पैसे उरत होते ६,८००. आम्ही साडेसात हजार खर्च केले, म्हणजे त्या संध्याकाळी मंडळ ७०० रुपयांनी तुटीत गेले, आणि ज्या एकांकिकेसाठी मंडळ मुख्यतः चालते तिच्या सभागृहाचे भाडे तेव्हा कोणी मोजलेलेही नव्हते. पासबुक मात्र त्या दिवशीही २०,४०० रुपये दाखवत होते.

पासबुकात दिसते ती शिल्लक आणि खर्चाला मोकळी असलेली रक्कम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बँकेला आपण दिलेले शब्द माहीत नसतात. पैसे खात्यातून बाहेर पडतात त्या दिवशी त्यांची नोंद बँकेत होते, पण खर्च खरे तर त्याआधी बरेच दिवस, बयाणा देताना किंवा फोनवर ‘नक्की करा’ म्हणताना झालेला असतो. त्या क्षणानंतर माघार घेतली तर बयाणा बुडतो. म्हणून खर्चावर नियंत्रण ठेवण्याची खरी जागा पैसे देण्याच्या वेळी नसते, ती शब्द देण्याच्या आधी असते. अंदाजपत्रक आधी करायचे, ते यासाठी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सभागृहाची नोंदणी करायला गेलो तेव्हा पूर्ण दिवसाचे भाडे १२,००० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१६०, धरून १४,१६० झाले, आणि शिवाय ५,००० रुपये अनामत. एकूण १९,१६० रुपये नोंदणीच्या वेळीच भरायचे होते. आधीची ७०० ची तूट धरली तर १९,८६० रुपये कमी पडत होते. शेवटी चार सभासदांनी प्रत्येकी ५,००० रुपये स्वतःचे घातले. त्यांच्यातल्या एकाने ते मेसच्या पैशांतून दिले होते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. ते मला फार लागले, आणि या वर्षी खजिनदाराचे काम मी मागून घेतले त्याचे एक कारण तेच आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू सांगते, कारण ती कळल्यावाचून पहिली नीट कळत नाही. वर्ष संपले तेव्हा मंडळ तोट्यात नव्हते. महाविद्यालयाकडून २०,००० रुपयांचे अनुदान मंजूर होते, परंतु ते कार्यक्रमानंतर बिले सादर केल्यावरच मिळते. मे महिन्यात ते आले आणि त्यातून ३,२०० रुपये कापले गेले, कारण तेवढ्या रकमेचे बिल म्हणून आम्ही कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा आणि मोबाइलवरून पैसे दिल्याचे चित्र जोडले होते. हाती १६,८०० आले. अनामतीचे ५,००० परत मिळाले. स्मरणिकेच्या जाहिरातींतून ६,००० आले होते आणि ते छपाई व नेपथ्यावर गेले होते. चौघांचे २०,००० परत केल्यावर मंडळाकडे १,९४० रुपये उरले.

वर्षाची बेरीज-वजाबाकी एका कागदावर केली तर शिल्लक निघते, आणि तरीही जानेवारीत आपल्याकडे सभागृहाच्या भाड्याला पैसे नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कारण जमा आणि खर्च यांच्या रकमा जुळत असल्या तरी त्यांचे महिने जुळत नव्हते. खर्च ऑक्टोबर ते फेब्रुवारीत होतो आणि अनुदान मे महिन्यात येते. त्यामुळे ‘एकूण जमा इतकी, एकूण खर्च इतका’ असे दोन आकड्यांचे अंदाजपत्रक आपल्यासारख्या मंडळाला पुरत नाही. प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या महिन्यात येणार किंवा जाणार हे लिहिले पाहिजे, आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस मोकळे काय उरते हे काढून पाहिले पाहिजे. गेल्या वर्षी कोणी हा कागद ऑगस्टमध्ये केला असता, तर जानेवारीच्या रकान्यात उणे १९,८६० हा आकडा पाच महिने आधीच दिसला असता.

आकडा आधी दिसला असता तरी पैसे वाढले नसते, हे मला मान्य आहे. काटछाट तेव्हाही करावी लागली असती. फरक कशात पडला असता ते सांगते. गेल्या वर्षी काटछाट कशाची झाली ते आठवणारे सभासद आता थोडे आहेत. टीशर्ट पूर्ण झाले. नुसते पूर्णच नाही, तर ६४ सभासदांसाठी ७० आले आणि सहा टीशर्ट अजून मंडळाच्या कपाटात आहेत. त्या सहांचे १,५६० रुपये होतात, म्हणजे कोजागरीच्या दिवशीची ७०० रुपयांची तूट त्यांतून दोनदा भरून निघाली असती. कोजागरी झाली. कापले गेले ते एकांकिकेचे नेपथ्य. वाड्याचा दर्शनी भाग उभा करायचा होता, त्याऐवजी दोन खुर्च्या आणि खिडकीची एक चौकट एवढ्यावर प्रयोग झाला. नऊवारी लुगडी लोकमान्यनगरातल्या आणि रामबागेतल्या कोणाकोणाच्या आज्यांकडून मागून आणली. नेपथ्य सर्वांत बिनमहत्त्वाचे आहे असे कोणत्याही सभेत ठरले नव्हते. त्याची पाळी सर्वांत शेवटी आली, एवढेच. अंदाजपत्रक नसले की जे कमी महत्त्वाचे ते वगळले जात नाही, जे तारखेने शेवटी येते ते वगळले जाते. आपल्या मंडळात नाटक फेब्रुवारीत असते, म्हणून दर वर्षी आच त्यालाच लागते.

मराठीत बजेटसाठी दोन शब्द आहेत, अंदाजपत्रक आणि अर्थसंकल्प, आणि ते आपण एकमेकांच्या जागी वापरतो. मला वाटते की आपल्या कामासाठी दोन्ही हवेत आणि निरनिराळ्या बाजूंना हवेत. जमेच्या बाजूला अंदाज असतो, कारण दुसरा पैसे देणार की नाही हे आपल्या हातात नसते. खर्चाच्या बाजूला संकल्प असतो, कारण शब्द द्यायचा की नाही हे पूर्णपणे आपल्या हातात असते. गेल्या वर्षी आपण उलट वागलो. जाहिरातींचे १५,००० रुपये येतीलच असे आम्ही निश्चयाने बोलत होतो, आणि खर्चाचा मात्र अंदाज करत होतो. प्रत्यक्षात जाहिरातींचे ६,००० आले. दुकानदारांनी फसवले असे नाही. ‘बघू, दिवाळीनंतर या’ या वाक्याला आम्ही होकार समजलो होतो.

म्हणून या वर्षी जमेच्या रकमा मी तीन प्रतींत विभागल्या आहेत. पहिली प्रत खात्यात आलेल्या पैशांची. दुसरी लेखी कबूल झालेल्या पण पुढच्या तारखेला मिळणाऱ्या पैशांची, जसे अनुदान. तिसरी आशेची, जसे जाहिराती. खर्चाचा शब्द द्यायचा तो फक्त पहिल्या प्रतीच्या पैशांवर. दुसऱ्या प्रतीच्या पैशांतून पुढच्या वर्षाची सुरुवात करायची. तिसऱ्या प्रतीचे पैसे हाती आले की त्यांतून करायच्या गोष्टींची यादी तयार ठेवायची, पण ते येण्याआधी त्यांतली एकही गोष्ट सांगून ठेवायची नाही. ही पद्धत थोडी कंजूष आहे हे मी जाणते. ज्या संस्थेकडे मोठी गंगाजळी असते तिला एवढे कडक राहावे लागत नाही. आपल्याकडे १,९४० रुपयांची गंगाजळी आहे.

आता या वर्षीचे आकडे मांडते. वर्गणीचे ३५,००० आणि मागचे १,९४० मिळून खात्यात ३६,९४० रुपये आहेत. गेल्या वर्षीच्याच पद्धतीने सभागृह आणि ध्वनी-प्रकाश घेतला तर अनामतीसह १९,१६० आणि १६,०००, मिळून ३५,१६० लागतात. उरतात १,७८०. एवढ्यात टीशर्टही होत नाहीत आणि कोजागरीही होत नाही. शिवाय गेल्या वर्षी कोणीच न लिहिलेला एक खर्च आहे, तो म्हणजे तालमींचा चहा आणि खाणे. महाविद्यालय सुटल्यावर तालीम असते, सगळे उपाशी असतात. १८ जणांना चहा आणि बिस्किटे, कधी पोहे, असे माणशी २० रुपये धरले तरी दिवसाला ३६० होतात आणि १५ दिवसांच्या तालमीला ५,४००. गेल्या वर्षी हे पैसे ज्याच्या खिशात असतील त्याने दिले आणि ते हिशेबात आलेच नाहीत. जो खर्च लिहिला जात नाही तोही कोणीतरी करतच असतो, आणि बहुतेक वेळा ज्याला नाही म्हणायला संकोच वाटतो तोच करतो.

हे सगळे कार्यकारिणीपुढे ठेवल्यावर सभा अडीच तास चालली, आणि ती मंडळाच्या उत्तम सभांपैकी एक होती असे मी मनापासून म्हणते, कारण पहिल्यांदाच आम्ही पैशांबद्दल न बोलता आपल्याला काय हवे आहे याबद्दल बोललो. सर्वांत आधी नाटक, असे ठरले. मग पूर्ण दिवसाऐवजी सभागृह अर्ध्या दिवसासाठी घ्यायचे आणि रंगीत तालीम महाविद्यालयातच करायची, असे ठरले. अर्ध्या दिवसाचे भाडे ८,००० आहे, जीएसटीसह ९,४४०, आणि अनामत ५,०००. ध्वनी-प्रकाशवाल्याकडून चार माइक आणि फक्त समोरचे दिवे घेतले तर तो ११,००० रुपयांत करतो. ३६,९४० मधून अनामतीसह सभागृहाचे १४,४४० आणि हे ११,००० गेले की ११,५०० उरतात. तालमींचे ५,४०० काढले की ६,१००. त्यांतले ३,००० नेपथ्य आणि वेशभूषेला, आणि ते आधीच बाजूला. राहिलेले ३,१०० राखीव.

टीशर्टचा खर्च मंडळ करणार नाही. ज्याला हवा त्याने २६० रुपये आधी भरायचे, आणि जितक्यांचे पैसे आले तितकेच टीशर्ट सांगायचे. कोजागरी होणार आहे, पण प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आहे आणि दुधासाठी येणाऱ्यांनी वेगळी वर्गणी द्यायची आहे. तुमच्यापैकी काहींना हे कमी वाटले, हे मी सभेत पाहिले. मलाही ती भाड्याची रोषणाई आवडली होती. पण ती हवी असेल तर त्या पैशांपुरते नाटकातले काय कमी करायचे, हे आत्ता सांगावे लागेल, आणि सभेत कोणालाही ते सांगावेसे वाटले नाही.

राखीव रक्कम कशासाठी, असे एकाने विचारले होते. सभागृह, ध्वनी-प्रकाश, तालमी आणि नेपथ्य यांचा एकूण खर्च २८,८४० आहे, आणि ३,१०० रुपये म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक. ही रक्कम विसरलेल्या कामांसाठी नाही. जी कामे आपण पाहिली आहेत पण ज्यांचा आकडा हलू शकतो, त्यांच्यासाठी ती आहे: प्रयोग लांबला तर सभागृहाचा जादा तास, सामान वाहून नेणारा टेम्पो, ऐन वेळी बिघडलेला माइक. ती एकांकिकेचा पडदा पडेपर्यंत उघडायची नाही असेही नाही; पण ती उघडायची असेल तर अध्यक्ष आणि खजिनदार दोघांची सही लागेल.

अनामतीबद्दल एक खुलासा करते, कारण नव्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. अनामत हा खर्च नाही, ती परत मिळते. पण नोंदणीच्या दिवसापासून परत मिळेपर्यंत ते ५,००० रुपये आपल्या उपयोगाचे नसतात. म्हणून खर्चाच्या बेरजेत ती धरायची नाही, मात्र महिन्याच्या रकान्यात गेलेली दाखवायची आणि परत येईल त्या महिन्यात आलेली दाखवायची.

अंदाजपत्रकातले आकडे कुठून आणायचे, हेही तुम्हाला कळायला हवे, कारण पुढच्या महिन्यापासून हे काम तुमच्याकडे येणार आहे. आठवणीतून आणलेला आकडा जवळजवळ नेहमीच कमी असतो. कारण भाव आठवतो आणि त्याच्याबरोबरचे बाकीचे विसरते. दरपत्रक लेखी घ्यावे, तीन ठिकाणचे घ्यावे, आणि तिन्ही ठिकाणी एकच मागणी सांगावी, नाहीतर तुलना होत नाही. विचारताना पुढील गोष्टी विचाराव्यात. वाहतूक आणि चढवणे-उतरवणे धरले आहे का? चालवणारा माणूस त्यात आहे का? रात्री नऊनंतर जादा आकार आहे का? आणि जीएसटी धरून आहे की वेगळा? या शेवटच्या प्रश्नाने गेल्या वर्षी आपल्याला २,१६० रुपयांचा धक्का दिला. मोठा व्यावसायिक जीएसटीची नोंदणी केलेला असतो आणि त्याला तो घ्यावाच लागतो. लहान व्यावसायिक नोंदणीकृत नसेल, तर त्याला जीएसटी म्हणून वेगळी रक्कम घेता येत नाही. त्यामुळे कोणी जीएसटी लावत असेल तर त्याच्या बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक छापलेला आहे ना, हे पाहावे. कंपनीला असा भरलेला कर पुढे वळता करून घेता येतो, आपल्या मंडळाला येत नाही, म्हणून आपल्यासाठी तो सरळ किमतीचाच भाग आहे.

अंदाजपत्रक मंजूर झाले म्हणजे काम संपले असेही नाही. माझ्या वहीत प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने आहेत: मंजूर, कबूल आणि दिलेले. गेल्या वर्षीच्या वहीत फक्त तिसरा होता. कोणत्याही दिवशी एखाद्या बाबीत किती मोकळे आहे हे काढायचे असेल तर मंजूर रकमेतून कबूल रक्कम वजा करायची. दिलेली रक्कम कबूल रकमेच्या पोटातच असते, तिला पुन्हा वजा करायचे नाही. तुम्ही कोणाला ‘नक्की’ म्हणालात की त्याच दिवशी मला निरोप द्यावा, म्हणजे मधला रकाना खरा राहील. हा निरोप आला नाही तर माझी वही आणि बँकेचे पासबुक यांत काही फरक उरत नाही.

एखादी बाब हाताबाहेर जात आहे हे ती संपल्यावर कळून उपयोग नाही. तालमींच्या खर्चाचे उदाहरण घ्या. १५ दिवसांसाठी ५,४०० रुपये आहेत, म्हणजे सहाव्या दिवशी २,१६० खर्च झालेले असायला हवेत. समजा त्या दिवशी २,९०० झाले आहेत. ५,४०० पैकी २,५०० बाकी दिसतात, त्यामुळे काळजीचे काही वाटत नाही. पण सहा दिवसांत २,९०० म्हणजे दिवसाला सुमारे ४८३, आणि याच गतीने १५ दिवसांना ७,२५० लागतील. १,८५० ची तूट सहाव्याच दिवशी दिसते, जेव्हा अजून नऊ दिवस हातात असतात आणि रोजच्या पोह्यांऐवजी एक दिवसाआड पोहे एवढ्याने ती भरून निघू शकते. हीच गोष्ट तेराव्या दिवशी कळली तर उपाय एकच राहतो, राखीव रक्कम. म्हणून ज्या बाबी रोज थोड्या थोड्या खर्च होतात त्यांचा हिशेब मी दर तिसऱ्या दिवशी मागणार आहे. सभागृहासारख्या एकदाच भरायच्या बाबीला त्याची गरज नाही.

अंदाजपत्रकाला मर्यादाही आहेत. आकडे चुकतील. एखादी बाब वाढेल, एखादी वाचेल. वाचलेले पैसे आपल्याच समितीचे असे समजून शेवटच्या आठवड्यात काहीतरी विकत आणण्याचा मोह होतो. तसे करू नये. ते मंडळाकडे परत येतात आणि ज्या बाबीला कमी पडले तिथे कार्यकारिणीच्या संमतीने जातात. याच्या उलट, खजिनदार सर्वांच्याच मागण्यांतून थोडे थोडे कापतो असे एकदा लक्षात आले की प्रत्येक जण मुळातच वाढवून मागू लागतो, आणि मग सगळे अंदाजपत्रकच खोटे होते. म्हणून मी कोणाची मागणी अशी सरसकट कापणार नाही. दरपत्रकाने आकडा सिद्ध होत असेल तर तो पूर्ण धरीन, आणि पैसे पुरत नसतील तर कोणते काम वगळायचे हे सभेत सर्वांना विचारीन.

शेवटी स्वतःच्या खिशातून खर्च करण्याबद्दल. आपण ज्या शहरात राहतो तिथल्या होळकरांच्या कारभारात खासगी आणि दौलत असे दोन वेगळे हिशेब होते, आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधलेली मंदिरे, घाट आणि धर्मशाळा यांचा खर्च खासगीतून झाला असे सांगतात. एवढ्या मोठ्या कारभारात जे पाळले जात होते ते सत्तर जणांच्या मंडळाला अवघड नाही. तुमचे पैसे आणि मंडळाचे पैसे वेगळे ठेवावेत. माझ्याकडून आधी उचल घ्यावी आणि काम झाल्यावर बिलासह उरलेले परत करावे. अगदीच वेळ आली आणि स्वतःचे द्यावे लागले, तर आधी मला फोन करावा आणि त्याच आठवड्यात पैसे मागून घ्यावेत. मागायला संकोच करू नये. बिलावर मंडळाचे नाव, तारीख, बिलाचा क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव-पत्ता हवा. मोबाइलवरून पैसे दिल्याचे चित्र हे बिल नव्हे. हे नसेल तर महाविद्यालय अनुदानातून तेवढी रक्कम कापते, आणि ते नुकसान पुढच्या वर्षी येणाऱ्या सभासदांचे होते.

येत्या शनिवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत अंदाजपत्रकाची सभा आहे. नेपथ्य समितीने प्लायवूड, कापड आणि रंग यांची दरपत्रके आणावीत. कापडाचा भाव महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये किमान दोन दुकानांत विचारावा. कोजागरी समितीने येणाऱ्यांची यादी आणावी. टीशर्ट हवा असणाऱ्यांनी २६० रुपये आणि आपले माप घेऊन यावे. ‘कबूल’ हा रकाना आज पूर्ण कोरा आहे. शनिवारची सभा होईपर्यंत कृपया कोणीही कोणालाही ‘नक्की करा’ असे सांगू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली,
खजिनदार, मराठी मंडळ